बॉटलनेक किती टक्के?

प्रोसेसरचं नाव निवडा, ग्राफिक्स कार्डचं नाव निवडा, मॉनिटरचं रिझोल्यूशन सांगा आणि बटण दाबा. दोन सेकंदांत स्क्रीनवर आकडा येतो: बॉटलनेक १८.४ टक्के. खाली एक ओळ असते, की हा प्रोसेसर या ग्राफिक्स कार्डाला पुरा पडणार नाही. गेमिंगसाठी पीसी जुळवायला बसलेला कॉलेजचा विद्यार्थी ती ओळ वाचतो आणि ठरलेल्या बजेटात आणखी पंधरा-वीस हजार कुठून आणायचे याच्या विचारात पडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पार्ट घ्यायला येणारी अनेक मुलं आता असा आकडा मनात धरूनच काउंटरवर उभी राहतात. म्हणून हा आकडा येतो कुठून, त्यावर किती भरवसा ठेवायचा आणि तो आपल्या घरीच कसा पडताळायचा, हे नीट समजून घ्यायला हवं.

मुळात बॉटलनेक ही गोष्ट खरी आहे. गेममधलं प्रत्येक चित्र, म्हणजे प्रत्येक फ्रेम, दोघांच्या हातून तयार होते. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, कुठली वस्तू दिसणार आणि कुठली भिंतीआड जाणार, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि काय रंगवायचं त्याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या हाती देतो. कार्ड त्या यादीवरून चित्र रंगवतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. स्वयंपाकघरात एकीने पोळ्या लाटायच्या आणि दुसरीने भाजायच्या, तसंच हे काम चालतं. लाटणारी कितीही चपळ असली तरी तवा एकच असेल, तर पोळ्या तव्याच्याच वेगाने डब्यात पडणार. दोघींपैकी जिचं काम सावकाश, तिचाच वेग सगळ्या कामाचा वेग ठरतो.

हे वेळेच्या हिशेबात मांडलं की अधिक स्पष्ट होतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील, तर जेमतेम ६.९. आता समजा, एखाद्या गेममध्ये तुमच्या प्रोसेसरला एका फ्रेमच्या तयारीला ८ मिलिसेकंद लागतात आणि ग्राफिक्स कार्डाला १०८० पी रिझोल्यूशनवर ती फ्रेम रंगवायला ५. एकटं कार्ड सेकंदाला २०० फ्रेम काढू शकलं असतं, पण प्रोसेसरची मर्यादा १२५ ची आहे, म्हणून तुम्हाला १२५ मिळणार. दर आठ मिलिसेकंदांपैकी तीन कार्ड नुसतं वाट पाहत बसणार. इथे प्रोसेसर अपुरा आहे, यात वाद नाही.

आता यातलं काहीही न बदलता फक्त मॉनिटर बदलू. १४४० पी मध्ये १०८० पी च्या पावणेदोन पटींहून थोडे जास्त पिक्सेल असतात. रंगवायचं काम वाढलं आणि समजा कार्डालाही आता ८ मिलिसेकंद लागू लागले. प्रोसेसरला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, कारण गोळी कुणाला लागली हे ठरवायला पिक्सेल किती आहेत याने फारसा फरक पडत नाही. दोघं बरोबरीत आले. पुढे ४ के मॉनिटर लावला, म्हणजे १०८० पी च्या बरोबर चौपट पिक्सेल, आणि कार्डाला १६ मिलिसेकंद लागले. फ्रेम ६२ वर आल्या आणि आता प्रोसेसर अर्धा वेळ रिकामा बसतो आहे. शेवटी तोच संगणक ६० हर्ट्झच्या जुन्या मॉनिटरला जोडून व्ही-सिंक चालू केलं, तर १०८० पी वर दोघंही आपापलं काम लवकर संपवून मॉनिटरच्या पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहतील. इथे कुणीच कुणाला अडवत नाही.

एकच प्रोसेसर, एकच कार्ड, एकच गेम, आणि तरी चार वेगळी उत्तरं. गेम बदलला की हा सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारखे गेम साधारणपणे प्रोसेसरवर अडतात, कारण त्यांचं चित्र हलकं असतं आणि फ्रेम मात्र शेकड्यांनी हव्या असतात. सायबरपंक २०७७ मध्ये रे ट्रेसिंग पूर्ण चढवलं, तर भलं मोठं कार्डही घामाघूम होतं. बॉटलनेक हा त्या दोन पार्टच्या जोडीचा गुण नाही. ती जोडी, विशिष्ट गेम, विशिष्ट सेटिंग आणि विशिष्ट मॉनिटर एकत्र आल्यावर जे घडतं, ते बॉटलनेक. कॅल्क्युलेटरला यातल्या बहुतेक गोष्टी ठाऊकच नसतात आणि तरीही तो एकच आकडा देतो. हा माझा त्याच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप त्या टक्क्यावर. १८.४ टक्के म्हणजे नेमके कशाचे? कार्डाचा तेवढा वेळ वाया जातो? तेवढ्या फ्रेम कमी मिळतात? की दोन गुणांमधला तो फरक आहे? वरच्या उदाहरणात १०८० पी वर कार्ड ३७.५ टक्के वेळ रिकामं होतं. पण प्रोसेसरची मर्यादा पूर्णपणे उठवली असती, तर फ्रेम १२५ वरून २०० वर, म्हणजे ६० टक्क्यांनी वाढल्या असत्या. परिस्थिती तीच आणि दोन्ही आकडे बरोबर, फक्त कशाच्या तुलनेत मोजलं ते वेगळं. आपण यातलं काय मोजलं हे कॅल्क्युलेटर स्पष्ट सांगत नसेल, तर तो आकडा तपासायचीही सोय उरत नाही. ‘१० टक्क्यांच्या आत असेल तर चालेल’ हा सर्रास ऐकू येणारा नियमही याच कारणाने अधांतरी आहे.

हे आकडे साधारण कसे निघतात, याचा अंदाज त्यांच्या वागण्यावरून करता येतो. प्रत्येक प्रोसेसरला एक गुण, प्रत्येक कार्डाला एक गुण, दोन्हींचं गुणोत्तर आणि वर रिझोल्यूशनप्रमाणे थोडी वाढ-घट. हे गुण सहसा सिंथेटिक बेंचमार्कमधून येतात, म्हणजे गेम न चालवता ठरावीक गणितं करून घेणाऱ्या चाचण्यांमधून. कार्डाच्या बाबतीत असा गुण बऱ्यापैकी उपयोगी पडतो. प्रोसेसरच्या बाबतीत तो दगा देतो, कारण अशा चाचणीत सगळे कोर एकदम कामाला लागतात. गेममध्ये बहुतेक वेळा एखाद-दोन धाग्यांवर सगळा भार पडतो आणि बाकीचे कोर निवांत असतात.

याचं उत्तम उदाहरण एएमडीच्या दोन प्रोसेसरांचं आहे. रायझन ७ ५८००एक्स आणि २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी. दोघांनाही आठच कोर आहेत. नव्याचा घड्याळवेग उलट थोडा कमी आहे, त्यामुळे सगळे कोर राबवणाऱ्या सिंथेटिक चाचण्यांत तो जुन्याच्या किंचित मागेच राहतो. पण त्याच्या चिपवर कॅशेचा आणखी एक थर चढवलेला आहे. ३२ मेगाबाइटच्या जागी ९६ मेगाबाइट एल३ कॅशे. गेमला वारंवार लागणारी माहिती हाताशीच राहते, रॅमपर्यंत हेलपाटे कमी होतात आणि अनेक गेममध्ये तो जुन्याला स्पष्टपणे मागे टाकतो. नुसत्या गुणांवर चालणारा कॅल्क्युलेटर या दोघांना सारखंच समजेल, किंवा कमी वेगवानालाच वरचढ ठरवेल. हीच तुमच्या कॅल्क्युलेटरची पहिली परीक्षा घ्या. एकाच तगड्या कार्डासोबत आधी ५८००एक्स आणि मग ५८००एक्स३डी निवडा. आकडा हलला नाही किंवा उलटा हलला, तर त्याला गेमविषयी काही कळत नाही हे तुम्हाला कळलं. तीच जोडी आणखी एका कॅल्क्युलेटरमध्ये घालून बघा. एक म्हणतो प्रोसेसर कमी पडतो, दुसरा म्हणतो जोडी झकास, असं झालं तर दोघांपैकी निदान एक चुकतो आहे, आणि कोणता ते ठरवायला त्यांच्याकडून काहीही मिळत नाही.

आणि जे विचारलंच जात नाही, त्याचं काय? रॅमची एक काडी आहे की दोन, हे बहुतेक वेळा विचारलं जात नाही. एका काडीवर मेमरीचा एकच चॅनेल चालतो, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला रस्ता निम्म्या रुंदीचा होतो. लॅपटॉप असेल तर त्याच्या कार्डाला किती वॅट मिळतात, हे विचारलं जात नाही. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे एकच नाव ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंतच्या मशीनवर छापलेलं असू शकतं आणि त्या दोन टोकांच्या वेगात मोठी तफावत असते. मदरबोर्ड कुठल्या पिढीचा, हेही कुणी विचारत नाही. २०२२ च्या जानेवारीत आलेलं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड पीसीआयईच्या फक्त चार लेन वापरतं आणि त्याच्यावर मेमरी चारच जीबी आहे. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते धकून जातं. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर मात्र चार जीबी भरल्या की ते ठळकपणे मंदावतं, आणि स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे बोर्ड बहुधा जुनाच असतो.

ड्रायव्हरची गोष्ट तर याहून शिकवणारी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचं आर्क बी५८० कार्ड आलं. किमतीच्या मानाने कामगिरी उत्तम, अशी पहिल्या परीक्षणांत त्याची वाहवा झाली. ती परीक्षणं नेहमीप्रमाणे सर्वांत वेगवान प्रोसेसर लावून केलेली होती. पुढे काही परीक्षकांनी तेच कार्ड जुन्या आणि मध्यम प्रोसेसरांना जोडलं, तेव्हा काही गेममध्ये फ्रेम धाडकन खाली आल्या. रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर तर आल्याच, पण ५६०० सारख्या चांगल्या मानल्या जाणाऱ्या प्रोसेसरवरही काही ठिकाणी आल्या. याच प्रोसेसरवर प्रतिस्पर्ध्यांची त्याच दर्जाची कार्डं इतकी घसरत नव्हती. कारण इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेत होता. म्हणजे कार्ड बदलल्याने प्रोसेसरवरचा भारही बदलला. प्रोसेसरला एक गुण आणि कार्डाला एक गुण देणाऱ्या कुठल्याही सूत्रात ही गोष्ट बसत नाही, कारण तिथे दोघांचे गुण एकमेकांपासून सुटे धरलेले असतात.

हे सगळं म्हटल्यावर कॅल्क्युलेटर पूर्ण टाकाऊ आहेत का? नाही. दहा-बारा वर्षं जुना चार कोरचा प्रोसेसर आणि आजचं सर्वांत महागडं कार्ड अशी जोडी घातली, तर तो ‘जमणार नाही’ म्हणेल आणि ते खरं असेल. टोकाची विजोड जोडी तो ओळखतो. पण टोकाची विजोड जोडी दुकानदारही ओळखतो आणि थोडी माहिती असलेला मित्रही. खरा प्रश्न पडतो तो मधल्या जोड्यांबाबत, जिथे दोन्ही पार्ट बरे असतात आणि पैसे कुठे घालावेत हे कळत नाही. नेमक्या तिथेच हा आकडा निरुपयोगी ठरतो. शिवाय अशा अनेक ठिकाणी निकालाखालीच नवे पार्ट विकत घेण्याच्या लिंक असतात आणि त्यावरून खरेदी झाली की कमिशन मिळतं. निकाल मुद्दाम वाकवला जातो असा आरोप मी करत नाही, पण ‘तुमचं आहे ते ठीक आहे’ या उत्तरातून तिथे कुणालाच मिळकत होत नाही, हे लक्षात असू द्यावं.

मग पार्ट घेण्याआधी काय करावं? कागद-पेन्सिल घेऊन होण्यासारखं काम आहे आणि कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा ते जास्त खरं उत्तर देतं. कार्डांची परीक्षणं सर्वांत वेगवान प्रोसेसर लावून करतात, जसा सध्या रायझन ७ ९८००एक्स३डी लावतात. त्यामुळे त्यात दिसणारा आकडा ही बहुतांशी त्या कार्डाची स्वतःची मर्यादा असते. प्रोसेसरांची परीक्षणं उलट करतात. आरटीएक्स ४०९० किंवा ५०९० सारखं सर्वांत मोठं कार्ड लावून मुद्दाम १०८० पी वर खेळतात. एवढं महाग कार्ड घेऊन १०८० पी वर कोण खेळतं, असा प्रश्न वाचक दरवेळी विचारतात. पण कार्डाची अडचण पूर्ण बाजूला सारून प्रोसेसरची मर्यादा उघडी पाडण्यासाठीच ते तसं करतात.

आता तुम्ही खेळता तो गेम घ्या. कार्डाच्या परीक्षणात, तुमच्या रिझोल्यूशनवर आणि तुमच्या सेटिंगला, तुमच्या मनातल्या कार्डाने किती फ्रेम काढल्या ते लिहा. प्रोसेसरच्या परीक्षणात त्याच गेमला तुमच्या प्रोसेसरने किती काढल्या ते लिहा. दोन्हींतला लहान आकडा तुम्हाला साधारण मिळणार. कार्डाचा ९० आणि प्रोसेसरचा १४० असेल, तर प्रोसेसरवर पैसे घालून काहीही वाढणार नाही. मग तो लहान आकडा तुमच्या मॉनिटरच्या हर्ट्झशी ताडून पाहा. दोन्ही आकडे हर्ट्झच्या वर असतील, तर वाद तिथेच मिटला. यात दोन पथ्यं पाळायची. दोन्ही परीक्षणांत गेममधली चाचणीची जागा आणि सेटिंग शक्य तितकी सारखी हवी, कारण गजबजलेल्या बाजारात धावणं आणि मोकळ्या माळावर उभं राहणं यांत प्रोसेसरला पडणारं काम फार वेगळं असतं. आणि रे ट्रेसिंगने प्रोसेसरचंही काम वाढतं, म्हणून ते चालू ठेवून खेळणार असाल तर ते चालू असलेलेच आकडे बघा.

पीसी घरी आधीच असेल, तर अंदाज करत बसण्याचं कारणच नाही. मोजता येतं. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही मोफत साधनं गेम चालू असतानाच स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे दाखवतात. इंटेलचं प्रेझेंटमॉनही मोफत आहे आणि ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. त्यातले आकडे फक्त समजावण्यापुरते धरा.

एका विद्यार्थ्याकडे बी४५० बोर्डावर रायझन ५ ३६०० आहे, १६ जीबी रॅम आहे आणि १४४ हर्ट्झचा १०८० पी मॉनिटर आहे. जुनं कार्ड काढून त्याने आरटीएक्स ४०६० बसवलं. कॅल्क्युलेटर म्हणतो, प्रोसेसर कमकुवत, नवा प्लॅटफॉर्म घ्या. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम तिन्ही नवं. त्याआधी तो मोजायला बसतो. सुरुवातीला फ्रेमवरची सगळी बंधनं काढायची. गेममधलं व्ही-सिंक बंद, फ्रेम मर्यादा बंद, ड्रायव्हरमध्ये काही मर्यादा घातली असेल तर तीही बंद. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कन्सोल उघडून एवढं लिहिलं की झालं:

```
fps_max 0
```

हे न करता मोजलं, तर कार्ड ५० टक्क्यांवर दिसतं आणि माणूस प्रोसेसरला बोल लावतो. प्रत्यक्षात मॉनिटरच्या गतीची मर्यादा आपणच घातलेली असते. या एका चुकीमुळे कितीतरी चांगले प्रोसेसर उगाच बदलले जात असतील, असं मला खात्रीने वाटतं.

आधी तो सायबरपंक २०७७ मधला तयार बेंचमार्क चालवतो. सेटिंग अल्ट्रा, रे ट्रेसिंग बंद. सरासरी ६६ फ्रेम आणि कार्डाचा वापर ९८ टक्के. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर सतत राहिलं, तर अडचण कार्डाची असते. खात्रीसाठी तो फक्त रिझोल्यूशन ७२० पी वर आणतो, बाकी काहीही हलवत नाही. फ्रेम ८४ होतात आणि कार्डाचा वापर ७५ टक्क्यांवर येतो. म्हणजे १०८० पी वर कार्डच अडवत होतं. ८४ ही प्रोसेसरची मर्यादा, आणि ती अजून कामाला लागलेलीच नाही. या गेमसाठी नवा प्रोसेसर आणला असता, तर ६६ चे ६६ च राहिले असते.

मग व्हॅलोरंट. २१० फ्रेम, कार्डाचा वापर ४० टक्के. रिझोल्यूशन कमी करून आकडा जागचा हलत नाही. इथे प्रोसेसर अडवतो हे स्पष्टच आहे, पण मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे. कॅल्क्युलेटरचं म्हणणं या गेमपुरतं खरं निघालं, तरी त्यावर खर्च करावा असं त्यात काही नाही.

तिसरा गेम काउंटर-स्ट्राइक २. सरासरी १७० फ्रेम, कार्ड ५५ टक्के, पण खेळताना अधूनमधून हिसके बसतात. इथे सरासरी बघून भागत नाही, एक टक्का नीचांक बघावा लागतो. सर्वांत सावकाश आलेल्या एक टक्का फ्रेमवरून तो काढतात आणि हिसके त्यात पकडले जातात. तो आहे ६८. रिझोल्यूशन कमी केलं तरी ६८ च. खरी तक्रार सापडली ती ही, आणि ती प्रोसेसरच्या बाजूची आहे.

पण ‘प्रोसेसरच्या बाजूची’ म्हणजे प्रोसेसरच वाईट, असं लगेच ठरवायचं नाही. त्याच्या बाजूला रॅम येते, तापमान येतं, मागे उघडे राहिलेले प्रोग्रॅम येतात. तो Task Manager उघडून Performance मधल्या Memory वर जातो. Slots used समोर 1 of 4 दिसतं आणि Speed समोर 2400. सोळा जीबीची एकच काडी, आणि ३२०० च्या वेगाची म्हणून घेतलेली काडी २४०० वर चालते आहे. कारण बायोसमध्ये एक्सएमपी कुणी चालूच केलेलं नव्हतं. पीसी जुळवून देणाऱ्या दुकानांतून हे सारखं घडतं. एक काडी टाकली की पुढे वाढवायला जागा राहते, असं गिऱ्हाईकाला सांगितलं जातं आणि ते खरंही असतं. पण तोवर प्रोसेसर एकाच चॅनेलवर राबत राहतो. आपल्या विद्यार्थ्याने त्याच मॉडेलची दुसरी काडी आणली, दोन काड्या बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्या खाचांत बसवल्या, एक्सएमपी चालू केलं आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. एक टक्का नीचांक ६८ वरून ९० वर आला. खर्च एका काडीचा. याउपर कमी पडलंच, तर बायोस अद्ययावत करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० किंवा एक्स३डी मालिकेतला प्रोसेसर बसतो. बोर्ड आणि रॅम बदलण्याचं कारण नाही.

मोजताना दोन आकडे फसवतात, तेवढे सांगायला हवेत. पहिला, Task Manager मधला प्रोसेसरचा एकूण वापर. ३६०० ला बारा थ्रेड आहेत. गेमचा मुख्य धागा त्यातला एक पूर्ण भरून बसला आणि बाकी सगळे रिकामे असले, तरी एकूण वापर आठ टक्क्यांच्या आसपास दिसेल. त्यामुळे ‘प्रोसेसर तर चाळीस टक्केच चालतोय, मग अडचण त्याची कशी?’ हा तर्क चुकतो. म्हणूनच कार्डाचा वापर बघायचा आणि रिझोल्यूशन कमी करून पाहायचं. प्रेझेंटमॉनमध्ये हेच आणखी थेट दिसतं. तिथे GPU Busy म्हणजे एका फ्रेममागे कार्ड किती मिलिसेकंद कामात होतं ते, आणि शेजारी फ्रेमला लागलेला एकूण वेळ. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर कार्ड अडवतंय, एकूण वेळ बराच जास्त असेल तर प्रोसेसरची बाजू अडवतेय.

दुसरा फसवा आकडा फ्रेम जनरेशनचा. डीएलएसएस किंवा एफएसआरमधली ही सोय दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाकडून एक किंवा अधिक तयार केलेल्या फ्रेम घालते, प्रोसेसरला न विचारता. स्क्रीनवरचा आकडा जवळजवळ दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो आणि प्रोसेसरची मर्यादा झाकली जाते. मोजताना ती बंदच ठेवावी. अपस्केलिंगचंही भान हवं. १४४० पी च्या मॉनिटरवर डीएलएसएस क्वालिटीला ठेवलं, की कार्ड प्रत्यक्षात साधारण ९६० पी चंच चित्र रंगवतं. ‘मी १४४० पी वर खेळतो, मला प्रोसेसरची चिंता नाही’ असं म्हणणाऱ्याचा प्रोसेसर त्यामुळे १०८० पी वर खेळणाऱ्याइतकाच ताणलेला असू शकतो.

७२० पी वर घेतलेल्या चाचणीचा आकडा फेकून देऊ नका, तो गेमचं नाव आणि सेटिंगसह वहीत लिहून ठेवा. पुढचं कार्ड घेताना सर्वांत जास्त उपयोग त्याचाच होतो. आपल्या विद्यार्थ्याचा सायबरपंकमधला तो आकडा होता ८४. त्याने उद्या दुप्पट ताकदीचं कार्ड आणलं, तर परीक्षणं वाचून त्याला १३२ ची आशा वाटेल. पण हा प्रोसेसर आणि ही रॅम असताना, याच सेटिंगला, ८४ च्या फार वर तो जाणार नाही. दुप्पट कार्डाच्या पैशात १८ फ्रेम. तेच कार्ड १४४० पी च्या मॉनिटरवर लावलं तर मात्र त्याची बरीचशी ताकद कामी येईल, कारण फ्रेम ८४ च्या जवळपास राहतील आणि चित्र कितीतरी स्वच्छ दिसेल. दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतलं तर ड्रायव्हरमुळे हा ८४ थोडा इकडेतिकडे होईल. रे ट्रेसिंग लावलं तर खाली येईल, म्हणून ते चालू करून एकदा वेगळा मोजावा. आणि रॅमची दुसरी काडी बसवल्यावर तो पुन्हा मोजायला हवा, कारण आधीचा ८४ एका काडीवरचा होता.